नोटिशीचे पस्तीस दिवस

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाचा शेवटचा हिशेब करायचं काम नऊ वर्षं माझ्याकडे होतं. सेलूहून देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बियाणे कंपनीचा प्रकल्प आहे. कपाशीचं बी तिथे येतं, साफ होतं, पिशव्यांत भरलं जातं. त्या प्रकल्पाच्या ऑफिसात मी एचआर आणि अ‍ॅडमिन होते. म्हणजे हजेरीपट, रजा, पगाराची माहिती, गेटपास, कॅन्टीनच्या चहाची तक्रार, सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडायचं. रोज सकाळी परभणीहून रेल्वेने सेलू, तिथून काळी-पिवळी जीप, आणि संध्याकाळी तसंच उलटं. माझा स्वभाव तापट. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला काय म्हणायचे ते मला माहीत होतं आणि त्याचं मला बरंच वाटायचं. हिशेबात माझा हात कुणी धरू शकत नाही, असा माझा समज होता.

शेवटच्या हिशेबाला आम्ही 'फुल अँड फायनल' म्हणायचो. त्यात अवघड काही नसतं. एका बाजूला कंपनीने माणसाला द्यायचं ते मांडायचं: महिन्यात जितके दिवस काम केलं त्यांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे. दुसऱ्या बाजूला कापायचं ते: प्रॉव्हिडंट फंड, उचल घेतली असेल तर ती, आणि नोटिशीचे दिवस कमी भरले असतील तर त्याची वसुली. नियुक्तीपत्रात लिहिलेलं असतं की नोकरी सोडायची तर इतके दिवस आधी सांगा, नाहीतर न भरलेल्या दिवसांचे पैसे द्या. सुपरवायझर लोकांना तीस दिवस, ऑफिसवाल्यांना साठ. कुणाला लवकर जायचं असेल आणि कंपनीने होकार दिला, तर उरलेले दिवस पैसे देऊन विकत घेतल्यासारखे सोडवून घ्यायचे. पैसे बहुतेक वेळा शेवटच्या हिशेबातूनच कापले जायचे.

प्रत्येक माणूस गेला की मी नवीन शीट करत नसे. मागच्या माणसाची फाइल काढायची, नाव बदलायचं, तारखा बदलायच्या, पगाराचे आकडे टाकायचे, खाली रक्कम आपोआप यायची. आमच्याकडे सगळी कामं अशीच चालायची. गेटपासही मागचाच, परिपत्रकही मागचंच, दिवाळीच्या शुभेच्छाही मागच्याच. शीट पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवायची, तिथल्या मॅडम बेरीज-वजाबाकी तपासायच्या आणि मंजुरी यायची.

मागच्या सप्टेंबरात असाच एक सुपरवायझर गेला. शेतकऱ्यांच्या रानात बीजोत्पादनाचे प्लॉट असतात, ते फिरून बघायचं त्याचं काम. चाळिशीचा, सेलू तालुक्यातलाच, पाय दुखतात म्हणून मोटारसायकलवरून फिरणं त्याला नकोसं झालं होतं. सेलूतल्या एका जिनिंगमध्ये त्याला स्टोअरची बसून करायची नोकरी मिळाली. पण कापूस यायच्या आधी मशीनची दुरुस्ती असते, सुट्या भागांचा सगळा स्टॉक त्यालाच लावायचा होता, म्हणून जिनिंगवाल्यांनी दहा तारखेलाच बोलावलं. त्यानं एक तारखेला राजीनामा दिला, नऊ तारखेपर्यंत काम केलं. तीसमधले एकवीस दिवस कमी.

त्याचा हिशेब मला आजही तोंडपाठ आहे. एकूण पगार चोवीस हजार, त्यात मूळ पगार बारा हजार. नऊ दिवसांचे सात हजार दोनशे. आठ रजा शिल्लक, मूळ पगारानं रोजचे चारशे, म्हणजे तीन हजार दोनशे. फंडाचे चारशे बत्तीस वजा. हाती येणार होते नऊ हजार नऊशे अडुसष्ट. आणि नोटिशीची वसुली, रोजचे आठशे धरून, एकवीस दिवसांची सोळा हजार आठशे. म्हणजे कंपनीनं त्याला काही द्यायचं नाही, त्यानंच कंपनीला सहा हजार आठशे बत्तीस भरायचे.

तो शीट बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, नऊ दिस राबलो, रजेचे पैसे व्हते, ते बी गेले, आन वरून आमीच भरायचे?"

"नियम आहे," मी म्हणाले. "नियुक्तीपत्रावर तुमची सही आहे."

"सही हाय वो. पर लय व्हायलंय हे."

मला दुपारची डाक काढायची होती. मी शीट त्याच्याकडे फिरवून पेनने एकेक ओळ दाखवली, जरा जोरातच. दुसऱ्या दिवशी त्यानं पैसे आणून भरले. मग मी त्याच्यापुढे छापील कागद ठेवला, 'माझा पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला असून कंपनीकडून काहीही येणे बाकी नाही.' त्यानं सही केली आणि मी त्याला कार्यमुक्तीचं पत्र दिलं. हे पत्र नसेल तर पुढची नोकरी धड सुरू होत नाही, म्हणून ते माझ्या हातात असेपर्यंत कुणी फार वाद घालत नसे. हे मला माहीत होतं आणि मी ते वापरत होते, हे आज कबूल करते.

डिसेंबरात माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुबा वाचला, पण उठता-बसता कुणीतरी लागायला लागलं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पूर्ण्याकडे जाणारी गाडी पकडायचा. मी सेलूकडे जाणारी. दोघांच्या गाड्या उलट्या दिशेला आणि मधे दिवसभर म्हातारी एकटी. शेजारीण येऊन बघून जायची, पण शेजारणीलाही तिचं घर होतं. गाडीत बसल्या बसल्या मी दर अर्ध्या तासाला फोन लावायची. सासूबाईंनी उचलला नाही की शेजारणीला लावायची, आणि उचलला की त्या म्हणायच्या, "अगं, मेले न्हाई अजून, काम कर तुजं."

तेवढ्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका खासगी हॉस्पिटलात प्रशासन अधिकाऱ्याची जागा निघाली. मुलाखत झाली, निवड झाली. पगार जवळपास तोच, पण दुपारी जेवायला घरी येता येणार होतं. अट एकच. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं, सोबत आधीच्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र हवं, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. हॉस्पिटलचे व्यवस्थापक गोड बोलून म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः एचआरच्या, तुम्हाला काय सांगायचं."

सहा जानेवारीला मी राजीनामा दिला. तीस तारखेपर्यंत पंचवीस दिवस भरत होते. साठमधले पस्तीस कमी.

आमचे प्रकल्पाचे साहेब भला माणूस. दोन वर्षांत निवृत्त होणार होते, त्यामुळे त्यांना कुठलीच गोष्ट ताणायची नव्हती. त्यांनी लवकर सोडायला संमती लिहून दिली. मी हेड ऑफिसला विचारलं, माझ्या बावीस रजा आहेत, त्या नोटिशीच्या दिवसांत धरता येतील का? मॅडमचं उत्तर आलं, नाही, रजेचे पैसे रोख देऊ, दिवसांची वसुली वेगळी. हे त्यांच्या हातात होतं, त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला. मग माझा शेवटचा हिशेब मला स्वतःलाच करायला बसावं लागलं, कारण ऑफिसात तो करणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी सुपरवायझरची फाइल काढली, नाव बदललं, आकडे टाकले. एकूण पगार छत्तीस हजार, रोजचे बाराशे, पस्तीस दिवसांचे बेचाळीस हजार. जानेवारीचा पगार आणि रजेचे पैसे मिळून सगळं कापाकापी होऊन पावणेशेहेचाळीस हजारांच्या आसपास येत होते. त्यातून बेचाळीस गेले की उरले पावणेचार. ग्रॅच्युइटी वेगळी होती, नऊ वर्षांची त्र्याण्णव हजारांच्या वर, आणि तिला नोटिशीच्या वसुलीसाठी हात लावता येत नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण ती महिन्याभराने येणार. सासूबाईंच्या फिजिओथेरपीवाल्याला आताच द्यायचे होते. खालच्या चौकटीत पावणेचार हजारांचा आकडा बघून मला त्या सुपरवायझरचं 'लय व्हायलंय' आठवलं आणि मी ते झटकून टाकलं. नियम म्हणजे नियम, मला वेगळा कशाला?

हॉस्पिटलने जुन्या नियुक्तीपत्राची झेरॉक्स मागितली होती. नऊ वर्षांत मी स्वतःचं पत्र एकदाही उघडलं नव्हतं. इतरांची पत्रं मी छापायची, पानं मोजायची, सह्या घ्यायची, वाचायची मात्र नाही. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली म्हणून मी ते पिशवीतून काढून वाचायला घेतलं. मानवत रोडच्या पुढे गाडी नेहमीसारखी रेंगाळली होती. नववं कलम: 'साठ दिवसांची पूर्वसूचना, अथवा न भरलेल्या दिवसांचे मूळ वेतन.'

मूळ वेतन. एकूण नाही.

मी ती ओळ तीन-चारदा वाचली. पहिल्यांदा मला आनंद झाला, खरं सांगते. रोजचे सहाशे, पस्तीस दिवसांचे एकवीस हजार. माझे एकवीस हजार वाचत होते. समोर एक बाई हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती, तिच्याकडे बघून मी हसलेसुद्धा. आणि मग माझं हसू थांबलं, कारण सुपरवायझरपासून ऑफिसवाल्यांपर्यंत पत्राचा नमुना एकच होता, फक्त दिवसांचा आकडा वेगळा. छापणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी कपाट उघडलं. दार लावून घेतलं, शिपायाला सांगितलं की कुणाला सोडू नकोस, डोकं दुखतंय. नोटीस न भरता गेलेल्यांच्या अकरा फाइली निघाल्या. अकराही पत्रांत नववं कलम तेच. अकराही शीटमध्ये वसुली एकूण पगारावर. मग मी अगदी पहिली शीट शोधली, जिच्यावरून मी पुढच्या सगळ्या केल्या होत्या. ती एका जुन्या प्रकल्प व्यवस्थापकाची होती. त्याचं पत्र वेगळं होतं, वरिष्ठ अधिकाऱ्यांचं असतं तसं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'सकल वेतनाप्रमाणे', म्हणजे एकूण पगारावर. त्याच्यासाठी ते बरोबर होतं. मी नवी नवी लागले होते, त्याची फाइल समोर होती, नाव बदललं, तारखा बदलल्या. आणि ते गणित आठ वर्षं तसंच पुढे सरकत राहिलं.

म्हणजे चूक हेड ऑफिसची नव्हती. त्यांनी फक्त बेरजा तपासल्या. चूक माझी होती, आणि मी ती लोकांना पेनने ओळ न् ओळ दाखवून, आवाज चढवून पटवून दिली होती.

सुपरवायझरचं मी तिथेच कागदावर मांडलं. रोजचे चारशे, एकवीस दिवसांचे आठ हजार चारशे. त्याचे येणे होते नऊ हजार नऊशे अडुसष्ट. म्हणजे त्यानं एक पैसा भरायचा नव्हता. उलट कंपनीनंच त्याला एक हजार पाचशे अडुसष्ट द्यायचे होते. मी त्याच्याकडून सहा हजार आठशे बत्तीस भरून घेतले होते. दुपारी मला जेवण गेलं नाही. डबा तसाच परत नेला तर सासूबाई विचारतील म्हणून मी पोळ्या गेटवरच्या कुत्र्याला घातल्या.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. डोक्यात नुसता गोंधळ. आत्ता तोंड उघडलं तर हेड ऑफिस चौकशी लावणार, जुन्या फाइली मागवणार, आणि चौकशी सुरू असलेल्या माणसाला कार्यमुक्तीचं पत्र कोण देतं? हे मीच लोकांना करत आले होते. 'तुमचं क्लिअरन्स बाकी आहे', एवढं वाक्य पुरतं. तीस तारीख गेली की हॉस्पिटलची जागा गेली, आणि इथे राजीनामा मंजूर झालेला. इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही. आणि घरी म्हातारी भिंत धरून चालायला शिकत होती.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुमच्या पत्रात मूळ वेतन आहे ना? मग तुमचं तसं करा. तुमचा हक्क आहे तो."

"आणि बाकीचे अकरा?"

"ते गेले. त्यांनी सह्या केल्यात. मॅडम, आता जाता जाता कशाला उकरता? तुमचं लेटर अडकेल, माझ्यामागेही ऑडिट लागेल. जा शांतपणे."

मला खरं तर त्यांच्यावर चिडायचं होतं. पण त्यांनी माझ्याच मनातलं बोलून दाखवलं होतं, तर चिडू कशी? मी माझ्या शीटमधला एक आकडा बदलला. छत्तीसच्या जागी अठरा हजार. वसुली बेचाळीसची एकवीस झाली, खाली पावणेपंचवीस हजार आले. साहेबांनी सही केली आणि शीट पुण्याला गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोन वाजला की दचकायची. मेल उघडताना आधी विषय वाचायची, मग श्वास घ्यायची. घरी नवऱ्यावर विनाकारण खेकसायची. तो बिचारा म्हणाला, "नोकरी सोडायला एवढा त्रास होतो का?" त्याला मी आकडे सांगितले, अकरा लोकांचं सांगितलं नाही.

पंचवीस तारखेच्या पुढे कधीतरी हेड ऑफिसच्या मॅडमचा फोन आला.

"तुमच्या शीटमध्ये नोटीस रिकव्हरी बेसिकवर दिसतेय. तुमच्याकडून आधी आलेल्या तर ग्रॉसवर होत्या ना?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ देता आलं असतं.

"माझ्या नियुक्तीपत्रात नववं कलम बघा," मी म्हणाले. "बेसिकच आहे. झेरॉक्स जोडली आहे."

पलीकडे कागदाचा आवाज आला. "हो, बरोबर. ओके. मंजूर करते."

फोन ठेवला. त्यांनी आधीच्यांचं विचारलं होतं, मी फक्त माझं सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खोटं एक अक्षर बोलले नव्हते.

तीस तारखेला निरोप झाला. नारळ, शाल, पेढे, साहेबांचं छोटंसं भाषण. आमच्या या मॅडमनी आवाज चढवला तरी हिशेब कधी चुकला नाही, असं ते म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. मी 'काहीही येणे बाकी नाही'च्या कागदावर सही केली. कार्यमुक्तीचं पत्र पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, आणि स्टेशनवर पोचेपर्यंत तीनदा हात घालून पाहिलं.

एक फेब्रुवारीला मी हॉस्पिटलात रुजू झाले. पत्र त्यांच्या फाइलला लागलं. त्याच दुपारी घरी जेवायला गेले, सासूबाईंनी माझ्या हाताला धरून अंगणापर्यंत चार पावलं टाकली. आणि मग, पत्र सुखरूप लागल्यावर, मी हेड ऑफिसला मेल लिहिला. अकरा जणांची यादी, प्रत्येकाचं कलम, किती कापलं, किती कापायला हवं होतं, फरक. चूक माझी आहे, हेही लिहिलं. आधी का नाही लिहिलं, याचं उत्तर कुणी मागितलं नव्हतं, आणि मी दिलं नाही.

दहा-बारा दिवसांत दोन गोष्टी आल्या. माझ्या खात्यात पावणेपंचवीस हजार जमा झाले, रुपयाला रुपया बरोबर. आणि मेलचं उत्तर आलं, चार ओळींचं. संबंधित कर्मचाऱ्यांनी पूर्ण व अंतिम हिशेब मान्य करून तशी सही केलेली असल्याने ही प्रकरणं कंपनीच्या दृष्टीने बंद झालेली आहेत. तो सहीचा कागद मीच त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यामुळे अकरा जणांचं बंद झालं आणि दुरुस्त झालं ते एकटीचं, माझं.

मला त्या रात्री झोप लागली असं मी म्हणणार नाही. रविवारी सकाळची गाडी धरून मी सेलूला गेले. नवऱ्याला या वेळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, जा, पण रडत बसू नकोस तिथं.

जिनिंगच्या फाटकातून आत गेले तर कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या, हवेत सगळीकडे रुईचे बारीक तंतू, नाका-तोंडात जाणारे. सुपरवायझर स्टोअरच्या खोलीत बेल्टचे गुंडाळे मोजत होता. मला बघून तो गडबडीनं उठला, खुर्ची फडक्यानं पुसली.

"मॅडम, तुमी? बसा की. च्या सांगतो. ऐकलं, तुमी बी सोडलं म्हनून."

"हो. तुमचे पाय कसे आहेत?"

"ब्येस हायेत आता. बसून काम हाय." तो हसला. "तुमचे उपकार हायेत खरं तर. दुसरं कुनी असतं तर म्हैनाभर लटकवलं असतं. तुमी एका दिसात हिसाब करून लेटर हातात ठिवलं. म्हनून हितं येळेवर यायला जमलं."

मला वाटलं, याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पिशवीतून कागद काढले. त्याचं नियुक्तीपत्र त्याच्याकडे होतंच, मी फक्त कलम सांगितलं आणि नवं गणित त्याच्यापुढे ठेवलं. या वेळी पेन हातात घेतलं नाही. त्यानं चष्मा लावून सावकाश वाचलं, ओळीवरून बोट फिरवत.

"म्हंजे मी भरायचेच न्हवते."

"नाही. कंपनीनंच तुम्हाला पंधराशे अडुसष्ट द्यायचे होते. एकूण आठ हजार चारशेचा फरक. चूक माझी. मी कंपनीला कळवलं, ते म्हणतात तुम्ही सही केलीये. पण सही केली म्हणून मागायचंच नाही, असं नसतं. आपण कंपनीला लेखी मागू, आणि त्याची प्रत परभणीच्या कामगार कार्यालयात देऊ. मी लिहून देते."

चहा आला. तो प्याला नाही. कागद परत एकदा बघितला, मग माझ्याकडे.

"तुमी बी नोटीस न भरताच गेल्या न्हवं?"

"हो."

"तुमचं कशावर कापलं?"

"मूळ पगारावर."

"कवा?"

"जानेवारीत."

बाहेर वजनकाट्यावर कुणीतरी गाडीवाल्याला ओरडत होतं. तो रागावला नव्हता, निदान तसं दिसत नव्हतं.

"म्हंजे तुमाला कळल्यावर तुमी आदी तुमचं केलं," तो म्हणाला. "आन आमचं मागून."

मी हो म्हणाले. सासूबाईंचं, पत्राचं, हॉस्पिटलचं, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यानंही मागच्या सप्टेंबरात मला पायांचं, दहा तारखेचं सगळं सांगितलं होतं, आणि मी डाक काढायला उठले होते. म्हणून मी गप्प राहिले.

त्यानं टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, वर तारीख टाकली, कंपनीचं नाव लिहिलं. अर्ज मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. अर्ध्यावर येऊन त्यानं पेन थांबवलं.

"चूक कुनाची, ते लिवावं लागंल न्हाई का? नसता ते म्हनतील, तूच खोटं बोलायलास."

"लिहा."

"नाव घालून?"

नव्या नोकरीला पंधरा दिवस झाले होते. अर्ज कामगार कार्यालयात जाणार होता, आणि परभणी काही मोठं गाव नाही. हॉस्पिटलातही मी हेच काम करते, तिथेही माणसं येतात आणि सोडून जातात.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. त्यानं ते एकेक अक्षर जपून लिहिलं आणि वाचून दाखवलं, बरोबर आहे का म्हणून. मी म्हणाले, बरोबर आहे.